सोसायटीतल्या लग्नाच्या जाहीर निमंत्रणाला उत्तर कसं द्यावं: येण्याचा आकडा आणि हातभार

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत लग्न निघालं की आकड्यांची वही माझ्याकडे येते. कशी आली ते सांगत बसत नाही, पण सात-आठ लग्नांत त्याच त्याच शंका मला जिन्यात थांबवून विचारल्या गेल्या. त्या इथे एकत्र लिहिल्या आहेत. उदाहरणं बहुतेक गेल्या माघातल्या एका लग्नाची आहेत. मुलगी आमच्या सोसायटीतली, हॉल ठाणे पश्चिमेला, मुहूर्त रविवारी सकाळी ११ वाजून ४३ मिनिटांनी.

निमंत्रण सगळ्यांसाठी लावलंय. मग वेगळं उत्तर द्यायची गरज आहे का?

आहे, कारण सगळ्यांसाठी लावलेल्या निमंत्रणात कोण येणार याचा अंदाज यजमानांना अजिबात नसतो. घरी येऊन अक्षत दिली, पत्रिका हातात ठेवली, तर समोरच्याच्या चेहऱ्यावरून निम्मं कळतं. फलकावर किंवा ग्रुपवर “सर्व सभासदांनी सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे” लिहिलं की ८४ घरांतून २०० माणसं येतील की ५०, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि केटररला मात्र आकडा द्यावाच लागतो.

“नक्की येणार, अभिनंदन!” एवढं लिहिलं तर?

ते अभिनंदन झालं, उत्तर नाही झालं. त्या माघातल्या लग्नात ४० घरांनी “नक्की” लिहिलं होतं. त्यातल्या ३१ घरांनी किती जण ते सांगितलं, त्यांची बेरीज ११२ झाली. उरलेल्या नऊ घरांना मी एकेक करून फोन केले. त्यातली तीन घरं येणारच नव्हती, त्यांनी “नक्की” हे आनंदाने लिहून टाकलं होतं. बाकी सहा घरांतून १९ जण निघाले. म्हणजे १३१. हे नऊ फोन करायला माझी दोन संध्याकाळ गेली, आणि मुलीच्या आईने ते केले असते तर तिच्या गेल्या असत्या.

मग उत्तरात नेमकं काय असावं?

घराचा नंबर, कोणत्या कार्यक्रमाला, जेवायला मोठी किती आणि लहान किती. बाकी सगळं ऐच्छिक. मला मिळालेलं सगळ्यात सोयीचं उत्तर असं होतं, तसंच उतरवते:

“काकू, खूप खूप अभिनंदन! ४०२ मधून लग्नाला आम्ही चार मोठे आणि सहा वर्षांचा एक, पाचही जण जेवायला. हळदीला जमणार नाही. सासूबाईंना खाली बसता येत नाही, पंगत असेल तर त्यांना टेबल लागेल. अक्षतांच्या २०० पुड्या मी शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत घरी आणून देते, तांदूळ-कुंकू माझंच. कुणी आधीच घेतलं असेल तर सांगा, मी दुसरं काहीतरी बघते.”

यात यजमानांना उलट एकही प्रश्न विचारावा लागत नाही. शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं. मदत नाकारायची वाट तिने स्वतःच मोकळी ठेवली.

लहान मुलांना वेगळं का मोजायचं?

ताटाचा हिशेब केटररप्रमाणे बदलतो. कुणी पाच वर्षांपर्यंत धरत नाही, कुणी अर्धं ताट धरतो, कुणी पूर्ण. वय सांगितलं की यजमान त्यांच्या करारानुसार मांडून घेतात. “दीड माणूस” असं मात्र लिहू नका. ते एकाने लिहिलं होतं.

आकडा कधीपर्यंत बदलता येतो?

केटररशी बोलताना आधी कमीत कमी ताटांचा आकडा ठरतो, तेवढ्यांचे पैसे माणसं आली नाहीत तरी द्यायचेच. त्याच्या वरचा पक्का आकडा बहुतेक जण लग्नाच्या दोन-चार दिवस आधी मागतात, कारण त्यानंतर भाजी-दूध-पनीरची खरेदी होते. आमचं लग्न रविवारी होतं आणि पक्का आकडा गुरुवारी संध्याकाळी द्यायचा होता.

आमच्या १३१ मधले नऊ जण गुरुवारपर्यंत गळले. कुणाच्या मुलीची परीक्षा आली, कुणाला ताप. त्यांनी कळवलं, म्हणून १२२ दिले. त्यानंतर पाच जण न सांगता आले नाहीत, आणि दोन जण न सांगता वाढले, एका घरी गावाहून नणंद आणि नंदोई आले होते. जेवले ११९. तीन ताटांचा फरक कुणाला कळलासुद्धा नाही. पण ते नऊ जणही गप्प राहिले असते तर बारा ताटांचे पैसे वाया गेले असते, कारण गुरुवारनंतर कमी झालेलं कुणी वजा करून देत नाही.

म्हणून शुक्रवारी-शनिवारी रद्द झालं तरी कळवा, पण ते जेवणाच्या हिशेबासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी खुर्ची धरून कुणी दाराकडे बघत बसू नये म्हणून. आणि थेट यजमानांना फोन न करता यादी ज्याच्याकडे आहे त्याला कळवा.

जमेल की नाही हेच नक्की नसेल तर काय लिहू?

“बहुधा येऊ” लिहू नका. त्याचा आकडा होत नाही. त्याऐवजी “बुधवारी रात्रीपर्यंत पक्कं सांगते, तोवर आम्हाला धरू नका” असं लिहा, आणि बुधवारी खरंच सांगा.

“सहकुटुंब सहपरिवार” म्हणजे घरी आलेले पाहुणेही चालतात का?

शब्दाचा अर्थ लावत बसू नका, विचारा. “घरी माझा भाऊ-भावजय असतील, त्यांना आणलं तर चालेल का?” याला आमच्याकडे आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. राग येतो तो न सांगता आणल्यावर.

हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, सगळ्यांना यायचं का?

निमंत्रणात जे लिहिलंय तेवढंच. सोसायटीतल्या बहुतेक निमंत्रणांत लग्न आणि रिसेप्शन असतं, हळद आणि सीमांतपूजन घरच्यांपुरतं.

मात्र ऐरोली, दिवा, रबाळे, घणसोली या गावठाणांतल्या आगरी-कोळी घरचं निमंत्रण असेल आणि त्यात हळद लिहिली असेल, तर ती मनापासून बोलावलेली असते. तिथे हळदीची रात्र हाच मोठा सोहळा असतो, मांडवाखाली अख्खं गाव जेवतं, आणि धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गाते ते ऐकण्यासारखं असतं. अशा घरी “लग्नाला येतो, हळदीला नाही” लिहिलं तर लोक जरा हिरमुसतात. जायचं नसेल तर कारण सांगून टाका.

उपवास, पथ्य हे उत्तरात लिहावं का?

तारीख बघा आणि मग ठरवा. लग्नाच्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आली तर तुमच्यासारखे वीस जण असू शकतात, आणि वीस जणांसाठी साबुदाण्याच्या खिचडीची सोय आचारी आनंदाने करतो, दोन दिवस आधी कळलं तर. आयत्या वेळी मागितली तर साबुदाणा भिजवलेलाच नसतो. कांदा-लसूण नको, जैन ताट हवं, हेही कळवा. मधुमेहाचं, पोटाच्या ऑपरेशनचं वगैरे सगळ्यांसमोर लिहू नका, यादीवाल्याला एकट्याला सांगा.

“काही मदत लागली तर सांगा” असं लिहिलं तर चांगलंच ना?

भावना चांगली आहे, पण लग्नघरात कुणालाही आठवून, शोधून, काम नेमून द्यायला वेळ नसतो. त्या लग्नात एकवीस घरांनी हेच वाक्य लिहिलं. त्यातल्या एकालाही काम सांगितलं गेलं नाही, आणि मुलीचा मामा मात्र रविवारी सकाळी आठ वाजता एकटा गाडीतून हारांची टोपली उतरवत होता.

मदत द्यायची तर एक काम निवडा, ते कधी सुरू होतं आणि कधी संपतं ते सांगा, आणि त्यात यजमानांना मधे मधे विचारावं लागणार नाही असं ते असू द्या. सामान कुणाचं, खर्च कुणाचा, हेही त्याच वाक्यात येऊ द्या. नाहीतर “किती झाले?” आणि “अहो, राहू द्या” हा संवाद लग्नानंतर महिनाभर चालतो.

हे सगळ्यांसमोर लिहावं की फोनवर?

आकडा सगळ्यांसमोर. एकाने “३०५ मधून तीन” लिहिलं की खालचे आपोआप तसंच लिहितात. मदतीचं मात्र फोनवर किंवा दारात बोला. सगळ्यांसमोर दिलेली मदत यजमानांना नाकारता येत नाही, आणि त्यांनी ते काम आधीच मावशीला दिलेलं असेल तर त्यांची पंचाईत होते.

कोणती कामं खरंच उपयोगी पडतात?

दोन सांगते, कारण ती दोन्ही मी केली आहेत आणि एक चुकवलं आहे.

पहिलं अक्षतांच्या पुड्यांचं. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ, म्हणून कणी नको, अख्खा दाणा घ्या. किलोभर तांदळाला आधी चहाचा एक चमचा पातळ तूप चोळून घ्यायचं, मग दोन-अडीच चमचे कुंकू घालून हलक्या हाताने कालवायचं. पाणी घालू नका. पाण्याने रंग पटकन चढतो, पण आपल्याकडच्या दमट हवेत तांदूळ वाळत नाही, पुडीत गोळा होतो आणि कागदावर लाल डाग उमटतो. रात्रभर पंख्याखाली जुन्या धोतरावर पसरून ठेवा. सकाळी चिमूटभर घेऊन पांढऱ्या रुमालावर घासून बघा. रुमाल लाल झाला तर कुंकू जास्त झालंय, तेवढेच कोरे तांदूळ मिसळा. नवरीचा शालू आणि गुरुजींचं उपरणं यांचा विचार करून ही परीक्षा चुकवू नका.

एका पुडीत चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. किलोत २०० पुड्या होतात. वहीच्या कागदाचे चौकोन करून औषधाच्या पुडीसारखी घडी घाला. स्टेपलरची पिन मारू नका, घाईत उघडताना ती तांदळाबरोबर हवेत जाते. दोघी बसलो तर २०० पुड्यांना गप्पांसकट दीड तास लागतो. तयार पुड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. कापडी पिशवीत किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा.

हॉलवर वाटायचं कामही त्याच माणसाने घेतलं तर बरं. अंतरपाट धरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मागच्या रांगेपासून सुरुवात करायची, कारण पुढच्या रांगेला ताटातूनही मिळतात. आणि मागच्यांना हळूच सांगायचं की जागेवरून फेकू नका, चार पावलं पुढे या. नाहीतर “सावधान” झाल्यावर सगळा वर्षाव पाचव्या रांगेतल्या आज्यांच्या अंबाड्यावर होतो.

आणि दुसरं?

दुसरं स्टेशनचं. नवी मुंबईच्या माणसांना ठाणे पश्चिमेच्या हॉलवर पोचवणं.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळकडून येणारी ट्रान्स-हार्बर लोकल ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या बाजूला लागते. ती पूर्वेची, कोपरीची बाजू. पश्चिमेला एक नंबर. म्हणजे पश्चिमेच्या हॉलला जायचं तर पुलावरून अख्खं स्टेशन ओलांडावं लागतं. भरजरी साडी, हातात आहेराची पिशवी आणि बरोबर गुडघे दुखणारे आजोबा असतील तर एवढ्यालाच दहा-पंधरा मिनिटं जातात. बाहेर पडल्यावर सॅटिसच्या पुलावर जायचं की खाली रिक्षाच्या रांगेला, हे नवख्याला कळत नाही.

माझी चूक इथे झाली. मी यादीतल्या सगळ्यांना “ठाण्याला उतरून बाहेर या, मी उभी आहे” एवढंच कळवलं होतं. एक आजोबा सरळ समोरच्या जिन्याने पूर्वेला उतरले आणि कोपरीच्या बाजूला उभे राहून मला शोधत होते. मी पश्चिमेला त्यांना शोधत होते. त्यांना परत पुलावर चढवून आणेपर्यंत दोन मंगलाष्टकं होऊन गेली होती. तेव्हापासून मी निरोप असा लिहिते: “गाडीतून उतरल्यावर पुलावर चढा, एक नंबरच्या बाजूला शेवटपर्यंत चालत या, पुलावरच थांबा, खाली उतरू नका.” माणूस पुलावरच धरायचा.

लग्न रविवारी असेल तर मेगाब्लॉकचं काय?

हेही स्टेशनवाल्या माणसाचंच काम. मध्य रेल्वे रविवारचा ब्लॉक साधारण शुक्रवारी-शनिवारी जाहीर करते. मेन लाइनवर असेल तर ठाण्याच्या आसपासच्या गाड्या दुसऱ्या मार्गावरून उशिराने येतात, म्हणजे अर्धा तास धरून निघायचं. ट्रान्स-हार्बरवर असेल तर ठाणे-वाशी-नेरूळ गाड्या त्या वेळात बंदच असतात, आणि ती वेळ बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत जाते. ११.४३ च्या मुहूर्ताला जाताना त्रास नाही, पण जेवून परत निघालेले सगळे ठाण्यात अडकतात.

आम्हाला हेच झालं. शनिवारी दुपारी ब्लॉकची बातमी बघितली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एक काम उचललं. त्यांनी कुणाच्या गाडीत किती जागा रिकामी आहे ते विचारून घेतलं, सात गाड्यांत मिळून अकरा जागा निघाल्या, त्या फक्त साठीच्या वरच्यांना दिल्या. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं की परतताना बसने या, किंवा मेन लाइन चालू असेल तर मुलुंडला उतरा आणि पूर्वेकडून ऐरोली पुलावरून या. काकांनी उत्तरात लिहिलेलं वाक्य एवढंच होतं: “आम्ही दोघं येतो. रविवारच्या येण्या-जाण्याचं मी बघतो, कुणीही मला फोन करा, यजमानांना नको.”

कोणती मदत देऊ नये?

आहेराची वही लिहायचं काम आपणहून मागू नका. त्यात पाकिटं आणि आकडे असतात, ते घरचा माणूसच करतो, आणि “आहेर आणू नये” छापलेलं असेल तर वहीच नसते. रुखवत मांडायला बोलावलं तर जरूर जा, पण स्वतःहून वस्तू करून नेऊ नका. मुलीच्या आत्याने सहा महिने क्रोशाची तुळस विणलेली असते, तिच्याशेजारी तुमची साखरेची बाहुली ठेवायला जागा नसते. आचारी, गुरुजी, फोटोवाले यांना सूचना द्यायचं काम तर कुणाच्याच सांगण्यावरून घेऊ नका.

एकाच कामाला चौघींनी हात वर केला तर?

होतंच. अक्षता सगळ्यांना आठवतात, स्टेशन कुणाला आठवत नाही. म्हणून मी आता वहीत डाव्या पानावर आकडे आणि उजव्या पानावर कामं लिहिते, एका कामासमोर एकच नाव. दुसरीने तेच मागितलं की तिला रिकामी कामं वाचून दाखवते: पाहुण्यांसाठी दोन गाद्या आणि उश्या, वऱ्हाडाच्या गाड्यांसाठी आपली पार्किंगची जागा रविवारपुरती, हॉलवर चपलांजवळ अर्धा तास उभं राहणं, निघताना वर-पक्षाच्या वयस्कर मंडळींना पाण्याच्या बाटल्या. चपलांजवळ उभं राहायला आजवर एकच माणूस तयार झाला, आमचा वॉचमन, आणि तोही लग्नाला पाहुणा म्हणून आला होता.

काम घेतलं आणि ऐनवेळी जमलं नाही तर?

शनिवारी दुपारपर्यंत कळलं तर यादीवाल्याला सांगा, आणि अर्धवट झालेलं सामान आहे त्या अवस्थेत पोचवा. ४०२ मधल्या त्या बाईंच्या सासूबाई शनिवारी संध्याकाळी चार वाजता आजारी पडल्या. त्यांनी रंगवलेले तांदूळ, कापलेले कागद आणि झालेल्या ६० पुड्या डब्यात भरून मुलाच्या हाती माझ्याकडे पाठवल्या, बरोबर चिठ्ठी: “१४० राहिल्यात. रुमालावर घासून बघितलंय. आता आम्ही पाचऐवजी तीन.” उरलेल्या पुड्या आम्ही रात्री दहाला सुरू केल्या आणि साडेअकराला झाल्या. पाचचे तीन हे वहीत लिहायचं मात्र राहिलं. ११९ जेवले हे कळल्यावर न सांगता न आलेले पाच कोण ते शोधत बसले होते, त्यात त्यांच्याकडचे दोघंही धरले होते. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी डब्यात सापडली.